‘हजेरी’ : एका कवितेच्या कामाच्या नोंदी

रविवार, 5 जानेवारी 2025, रात्री

आज वीस वर्षांनी वर्ग भरला. अडतीसपैकी बावीस जण आले. चित्रकलेच्या हॉलमध्ये जमलो होतो, कारण बाकांवर मावेल असं आता कुणाचंच अंग राहिलेलं नाही आणि सुट्या खुर्च्या फक्त तिथेच असायच्या. यावर कविता करायची हे जाण्याआधीच ठरवलं होतं, म्हणून खिशात छोटी वही ठेवली होती. हे चूक झालं. पहिला तासभर मी माणसांना भेटत नव्हतो, त्यांची नोंद घेत होतो.

वहीत आहे ते असं: कुणाचे केस, कुणाचा चष्मा, कोण सुटलं, कोण वाळलं. खाली एक ओळ वेगळी सापडली. ‘दारातून आत येणाऱ्यांना मी चेहऱ्याच्या आधी चालीवरून ओळखलं, निदान सात-आठ जणांना.’ ही जपून ठेवतो.

शेवटी सरांनी हजेरी घेतली. जुनी यादी कुणीतरी टाइप करून आणली होती. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नाव पुकारल्यावर मान वर न करता कान देणं तेच होतं.

सोमवार, 6 जानेवारी

पहिला खर्डा मुक्तछंदात. उतरवून ठेवतो, कारण उद्या फाडावासा वाटेल.

कुणाचे केस गेले, कुणाचे पिकले,
कुणी दारात शिरताच पोट आत घेतलं,
आणि कुणी तसेच्या तसे,
जणू कालच सुट्टी लागली होती.

यातली दुसरी ओळ बरी आहे, बाकीच्या तीन कुठल्याही शाळेच्या कुठल्याही वर्गाला लागू पडतील. दुसरीत एक माणूस काहीतरी करतो, आपण पाहतोय हे त्याला माहीत आहे आणि ते आपल्यालाही कळतं. बाकी ओळींत माणसं नुसती ‘आहेत’. चौथीतलं ‘जणू’ तर सरळ आळसातून आलंय. उपमा सुचत नाही तेव्हा माझ्याकडून ‘जणू’ पडतं.

गुरुवार, 9 जानेवारी

मुक्तछंदात यादी फार सहज वाढते. बावीस माणसं म्हणजे बावीस कडवी, आणि थांबायचं कुठे ते कळत नाही. म्हणून बांधणी हवी. अष्टाक्षरी करून पाहिली:

तेव्हा होता तो अबोल
आता बोलतो भरून

दोन्ही ओळींत आठ-आठ अक्षरं नीट बसली, आणि तिथेच बिघडलं. अष्टाक्षरीत दोन सारख्या लांबीच्या ओळी समोरासमोर बसतात, त्यामुळे ‘तेव्हा असा, आता असा’ हा झोपाळा आपोआप सुरू होतो. चार कडव्यांनंतर कुणी बदललं काय, न बदललं काय, कानाला सारखंच. वर्गातला एकही माणूस असा दोन सारख्या तुकड्यांत मोडलेला मी पाहिला नाही.

रात्री मोठ्या अभंगाचा छंद घेतला. चार चरण, अक्षरं सहा-सहा-सहा-चार, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. ‘सुंदर ते ध्यान’ बोटांवर मोजलं की मोजमाप चुकत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब नाही, अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. मला हवा आहे तो चौथा चरण. तीन चरण चालत येतात आणि चौथा दोन अक्षरं आधीच थांबतो, शिवाय त्याला यमकाचाही आधार नाही. वीस वर्षांनी भेटलेल्या माणसाशी बोलताना वाक्य जसं मध्येच थांबतं, तसं.

रविवार, 12 जानेवारी

नावांचा प्रश्न. खरी नावं घालणार नाही, लोकांनी मला भेटायला येताना कवितेत यायचं कबूल केलेलं नव्हतं. खोटी नावं घालून पाहिली, तर ती माणसंच खोटी वाटू लागली. शेवटी सरांची हजेरी आठवली. हजेरी क्रमांक घ्यायचे. वीस वर्षांनी नावं अडखळली, पण क्रमांक मात्र प्रत्येकाला स्वतःचा पाठ होता, हे त्या दिवशी मी पाहिलंच आहे. शीर्षकही मिळालं.

सुरुवात अशी केली:

एकेक क्रमांक
वाचीत मी गेलो
वीस वर्षे आलो
ओलांडून

मोजमाप चोख. पण ‘गेलो-आलो’ हे यमक म्हणजे फुकटची कमाई. क्रियापदाला क्रियापद जोडलं की यमक जुळतंच, त्यासाठी काही शोधावं लागत नाही. आणि ‘वीस वर्षे’ हे सांगायचंच कशाला? क्रमांकाची माणसं आली की वर्षं कळतीलच. कडवं खोडलं. कविता थेट सात नंबरपासून सुरू करायची.

शनिवार, 18 जानेवारी

सात नंबर शाळेत कायम खिडकीपाशी बसायचा, पाठ आमच्याकडे. परवाही हॉलमध्ये आला, दोघा-तिघांना हात मिळवला आणि बोलता बोलता खिडकीकडे सरकला. अर्ध्या तासाने पाहिलं तर तिथेच.

सात नंबरचा
खिडकीशी बसे
आजही तो दिसे
तिथेच की

चौथ्या चरणातला ‘की’ भरतीचा. चार अक्षरं भरायची म्हणून आत घेतलेला. भरतीचा शब्द ओळखायची माझी रीत साधी आहे: तो काढून चरण गद्यात म्हणायचा, अर्थ तसूभरही हलला नाही तर शब्द भरतीचा. ‘तिथेच’ म्हटलं तरी तेच कळतं. पण ‘तिथेच’सुद्धा हवंय का? ‘आजही’ने ते सांगून झालंय. मग मला दिसलं होतं काय? पाठ दिसली होती.

आजही तो दिसे
पाठमोरा

हे चार अक्षरांत बसलं तेव्हा उठून दोन फेऱ्या मारल्या.

नंतर लक्षात आलं की खरी गंमत त्याच्या वरच्या चरणांत आहे. ‘बसे’ म्हणजे बसायचा, तेव्हाची सवय. ‘दिसे’ला मागे ‘आजही’ आहे, म्हणजे ते आत्ताचं. पण जुन्या वळणाच्या मराठीत दोन्हींचं रूप एकच, शेवटी ए. वीस वर्षं ओलांडली तरी क्रियापदाला कळलंच नाही. न बदललेल्या माणसासाठी याहून नेमकं काही मला सुचलं नसतं आणि ते मी शोधलेलंही नाही, भाषेत पडलेलं होतं.

यावरून पुढचं काम ठरलं. बदल विशेषणांत सांगायचा नाही. ‘शांत’, ‘धीट’, ‘जाड’ सगळे बाहेर. माणूस बदलला की नाही हे क्रियापदाच्या रूपाने सांगायचं.

रविवार, 19 जानेवारी

चार नंबर. हा आमचा वर्गातला दादा. चित्रकलेच्या तासाला कुणी बसायला लागलं की मागून खुर्ची ओढायचा. मी तीनदा आपटलोय, एकदा ढोपर फुटलं होतं. परवा सर आले तेव्हा पुढे झाला तोच. एका हाताने खुर्ची धरली, दुसऱ्याने सरांचा दंड, आणि सर पूर्ण टेकेपर्यंत खुर्चीवरचा हात काढला नाही.

मागून जो खुर्ची
ओढायचा चार
देतसे आधार
बसताना

‘देतसे’ चालणार नाही. ‘ओढायचा’ बोलीतला आणि ‘देतसे’ पोथीतला, एकाच कडव्यात दोघांचं पटत नाही. शिवाय आधार कुणाला, तेही कळत नाही. क्रियापदच काढून टाकलं:

मागून जो खुर्ची
ओढायचा चार
सरांना आधार
बसताना

आता पहिल्या अर्ध्यात क्रियापद आहे, दुसऱ्यात नाही. ‘ओढायचा’ ही सवय होती. सरांना धरणं ही त्याची सवय आहे की त्या दिवसापुरतं होतं, मला कसं माहीत? मी त्याला वीस वर्षांत तीन तास पाहिलंय. क्रियापद न घालणं इथे जास्त खरं आहे.

शनिवार, 25 जानेवारी

चार नंबरचं कडवं सहा दिवस बरं वाटत होतं. आज ते गोड वाटायला लागलं. दांडगट मुलगा सुधारला, टाळ्या. काहीतरी राहिलंय.

काय राहिलंय ते संध्याकाळी जेवायला बसताना कळलं, अक्षरशः. त्या दिवशी हजेरीच्या वेळी तो माझ्या शेजारी आला, आणि मी बसायला लागलो तेव्हा माझा उजवा हात मागे जाऊन खुर्चीची कड चाचपून आला. मला कळायच्या आत. त्याने पाहिलं की नाही ठाऊक नाही. म्हणजे चार नंबर बदलला असेल, पण त्याच्या बाबतीत माझा हात बदललेला नाही. कोण बदललं हे पाहायला गेलेल्या माणसाच्या हातात अजून सोळाव्या वर्षाची भीती होती, आणि ती वहीत नोंदवलेली नव्हती.

हे कडवं बसवायला तीन तास गेले. ‘हात’ला यमक शोधत बसलो होतो, ‘जात’, ‘आत’, ‘चाचपीत’, सगळं ओढूनताणून. मग ‘हात’ चरणाच्या आत घेतला:

मी बसण्याआधी
हात मागे गेला
जागेवर तिला
चाचपून

‘तिला’ म्हणजे खुर्चीला. खुर्ची वरच्या कडव्यात येऊन गेली आहे, त्यामुळे ही दोन कडवी आता एकमेकांपासून तोडता येणार नाहीत. चालेल.

सोमवार, 27 जानेवारी

एकतीस नंबरचा पत्ताच लागला नव्हता. सरांनी पुकारलं, थोडं थांबले, ‘गैरहजर’ म्हणाले आणि पुढे गेले. यावर रडवं लिहायचा मोह झाला होता. पण तो कुठेतरी ठणठणीत असेलही, त्याला न विचारता त्याच्यावर अश्रू कशाला? मला जाणवलं ते वेगळंच होतं. घरी येताना बाकी सगळ्यांचे शाळेतले चेहरे आठवेनात, नवे चेहरे त्यांच्यावर चढून बसले होते. एकतीसचा तेवढा लख्ख आठवत होता.

एकतीस नाही
आला म्हणून तो
अजून असतो
सोळाचाच

हे एका झटक्यात आलं, ‘एकतीस नाही’वर चरण मोडला तो आपोआप. तिथे क्षणभर तो जगातच नाही असं वाटतं, आणि पुढच्या ‘आला’ने कळतं की नुसता आला नाही. ‘असतो’ हे नेहमीचं वर्तमान. माझ्या डोक्यात तो असाच असतो, रोज.

रविवार, 2 फेब्रुवारी

बारा नंबर. सगळ्यात अवघड, आणि बहुतेक सगळ्यात महत्त्वाचं.

शाळेत तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. हजेरीला ‘हजर’ इतकं हळू म्हणायची की पहिल्या महिन्यात निम्म्या वेळा गैरहजेरी लागली. परवा सगळा कार्यक्रम तिने चालवला. माइक हातात, मध्येच कुणाची फिरकी घेणं, उशिरा आलेल्यांना दारातच पकडणं. सगळे एकमेकांना तेच सांगत होते, बारा बघ, बारा बघ. मग हजेरी सुरू झाली. तिचा क्रमांक आला तेव्हा तिने माइक टेबलावर ठेवला आणि म्हणाली ‘हजर’. तोच आवाज. मी दोन खुर्च्या सोडून होतो म्हणून ऐकू आला.

दोन कडवी लागतील. पहिलं:

कार्यक्रमभर
बाराचा आवाज
शाळेतली लाज
कुठे गेली

दुसऱ्याचा पहिला खर्डा:

माइक ठेवून
म्हणाली हजर
वळली नजर
सगळ्यांची

‘हजर’ला ‘नजर’ सापडल्यावर मी खूश झालो होतो. दहा मिनिटांनी लाज वाटली. कुणाचीही नजर वळली नव्हती! वळेलच कशी, कुणी ऐकलंच नव्हतं. यमकाने मला खोटं बोलायला लावलं, आणि खोटंही असं की प्रसंग नाटकातल्यासारखा झाला: सभा स्तब्ध, सगळे तिच्याकडे बघतायत. यमक ठेवून फक्त खरं सांगितलं तर?

माइक ठेवून
म्हणाली हजर
कुणाची नजर
वळली ना

हे घडलं तसं आहे. आणि वरच्या ‘कुठे गेली’चं उत्तरही देतं: कुठे गेली नाही, माइकच्या मागे उभी होती. तीन तास सगळे तिलाच बघत होते आणि नेमकं बघण्यासारखं होतं तेव्हा कुणी पाहिलं नाही.

सोमवार, 3 फेब्रुवारी

शेवटचा क्रमांक माझा, तेवीस. त्या दिवशी चौघांनी मला सांगितलं, ‘अरे, तू अगदी तसाच आहेस.’ चारही वेळा मी हसून ‘हो का’ म्हणालो. पहिल्या वेळी बरं वाटलं, चौथ्या वेळी पोटात काहीतरी ढवळलं.

पहिला प्रयत्न: ‘म्हणाले मजला, आरसा लाजला’. हे इथे लिहून ठेवतोय ते केवळ प्रायश्चित्त म्हणून.

दुसरा:

तू अगदी तसा
म्हणाले चौघेही
मला तसे काही
वाटले ना

तक्रारीचा सूर. शिवाय ‘वाटले ना’ म्हणजे ‘वळली ना’चीच नक्कल. मी काय केलं, एवढंच सांगायचं. मी काय केलं? विचारलं नाही. ‘तसाच’ म्हणजे कसा, हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. सोळाव्या वर्षी मी बाकीच्यांना पाहिलं, स्वतःला पाहिलेलंच नाही. ती माहिती त्या चौघांकडे होती आणि मी ‘हो का’ म्हणून ती तिथेच सोडून आलो.

तू अगदी तसा
म्हणाले चौघेही
विचारले नाही
कसा होतो

इथे क्रमांक आला नाही. बाकी सगळ्यांना क्रमांक आणि मला नाही. घालायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. हजेरी घेणारा स्वतःचा क्रमांक पुकारत नाही.

शनिवार, 8 फेब्रुवारी

मोठ्याने वाचून पाहिली. कागदावर सहा-सहा-सहा-चार बरोबर आहे, पण तोंडात नाही. अभंग गाताना शब्दाच्या शेवटचा, मधला प्रत्येक ‘अ’ उच्चारला जातो. बोलताना आपण तो गिळतो. ‘खिडकी’ मोजायला तीन अक्षरं, बोलायला दोनच: खिड्-की. ‘सात नंबरचा’ मोजून सहा, बोलून चार. मी ही कविता गाणार नाही, बोलणार आहे. मग मोजणी कसली?

म्हणून सगळी कविता बोलण्याच्या हिशोबाने पुन्हा मोजली. सात नंबरचं कडवं चार-पाच-पाच-तीन निघालं. चार नंबरचं पाच-चार-पाच-तीन. म्हणजे चौथा चरण आखूड राहतोच, एवढं पुरे. बाकीचे चरण थोडे मागेपुढे झाले तरी कानाला ते बोलणं वाटतं, आणि मला तेच हवंय.

नुसते चौथे चरण बोलून मोजले: तीन, तीन, दोन, तीन, चार, तीन, चार. चार येतात ते दोनच ठिकाणी, ‘कुठे गेली’ आणि ‘कसा होतो’. तिथे गिळायला एकही ‘अ’ नाही, चरण पूर्ण ऐकू येतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न आहे. हे मी ठरवून केलेलं नाही, पण आता कुणी या दोन चरणांतला शब्द बदला म्हटलं तर बदलणार नाही. ‘चाचपून’ मात्र बोलताना दोनच उरतं, जिभेवर येता येता संपतं. हात मागे गेला आणि परत आला तेवढाच वेळ. राहू दे.

रविवार, 9 फेब्रुवारी

ज्यांच्यावर कडवी आहेत त्यांना आधी ऐकवायची हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. सात नंबरला पाठवली, त्याचं उत्तर आलं: ‘पाठच का, तोंड चांगलं नाही का माझं?’ म्हणजे परवानगी.

चार नंबरला फोनवर वाचून दाखवली. थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘अरे, मी खुर्च्या ओढायचो? मला खरंच आठवत नाही रे.’ मी म्हटलं तीनदा पडलोय. तो म्हणाला, ‘असेल. ठेव ते. पण तुझा हात मागे गेला ते मी पाहिलं होतं. मला वाटलं तुझी कंबर दुखतेय.’

बारा नंबरला संध्याकाळी. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, ‘चांगली आहे. पण अरे, मी हजर म्हणालेच नाही.’

‘म्हणजे?’

‘मी हात वर केला. शाळेतसुद्धा हातच वर करायचे. सर खाली मान घालून हजेरी घ्यायचे ना, त्यांना दिसायचा नाही. म्हणून गैरहजेरी लागायची.’

मी म्हटलं मी ऐकलं, अगदी तोच आवाज. ती हसली. ‘तुला ऐकू आला असेल तर असेल. मी काढला नव्हता.’

फोन ठेवून बराच वेळ बसलो. माझ्या सगळ्यात भरवशाच्या कडव्यातली सगळ्यात भरवशाची गोष्ट, जी मी ‘घडलं तसं’ म्हणून खुशीत ठेवली होती, ती घडलीच नव्हती. वीस वर्षं मी तिला एक आवाज देऊन ठेवला होता, आणि परवा तिच्या तोंडून तोच ऐकला.

सोमवार, 10 फेब्रुवारी

माझी आठवण ठेवायची की तिची? कविता माझी आहे, मला ऐकू आलं ते मी लिहू शकतो, असा वाद रात्रभर स्वतःशी घातला. पण हे कडवं उभंच आहे ‘कुणाचं लक्ष नव्हतं’ यावर, आणि माझंही नव्हतं हे आता मला माहीत झालंय. ते माहीत असताना जुनं ठेवलं तर मीच एकटा शहाणा ठरतो.

एकच चरण बदलायला लागला.

माइक ठेवून
हात केला वर
कुणाची नजर
वळली ना

‘वर’ आणि ‘नजर’, यमकाला धक्का नाही. आता ‘कुणाची’मध्ये मीही आलो. ‘हजेरी’ नावाच्या कवितेत ‘हजर’ हा शब्दच उरला नाही. आणि दोन हात आले, एक माझा मागे गेलेला, एक तिचा वर गेलेला. मुद्दाम जोडायला गेलो असतो तर जमलं नसतं.

पूर्ण कविता:

हजेरी

सात नंबरचा
खिडकीशी बसे
आजही तो दिसे
पाठमोरा

मागून जो खुर्ची
ओढायचा चार
सरांना आधार
बसताना

मी बसण्याआधी
हात मागे गेला
जागेवर तिला
चाचपून

एकतीस नाही
आला म्हणून तो
अजून असतो
सोळाचाच

कार्यक्रमभर
बाराचा आवाज
शाळेतली लाज
कुठे गेली

माइक ठेवून
हात केला वर
कुणाची नजर
वळली ना

तू अगदी तसा
म्हणाले चौघेही
विचारले नाही
कसा होतो

गुरुवार, 13 फेब्रुवारी

बारा नंबरचा निरोप आला. एकतीसचा फोन नंबर मिळालाय, पुढच्या वेळी येतो म्हणालाय. तुझी कविता त्याला पाठवू का, असं विचारलंय तिने. ‘थांब’ असं कळवलं. चौथं कडवं अजून खरं आहे, पण त्याने फोनवर ‘हॅलो’ म्हटलं की राहणार नाही.

नंबर वहीत लिहून घेतला. रविवारी करतो.